चर्चासत्रानंतरचा मेल: आभार आणि सूचना एकाच पत्रात

आमच्या मराठी विभागाच्या तीन चर्चासत्रांचं समन्वयकपद आजवर माझ्या गळ्यात पडलंय. मंडप उतरला की पुढचा आठवडा समन्वयकाच्या मेलबॉक्सचा असतो. ‘सर, प्रमाणपत्र कधी मिळेल?’, ‘प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय’, केटरिंगवाल्याचं सुधारित बिल, आणि या सगळ्यात मधूनमधून निबंधवाचकांचे आभाराचे मेल. त्यांचे दोनच प्रकार असतात म्हणा ना. एक, ‘अतिशय नेटके आयोजन, खूप शिकायला मिळाले’. वाचून बरं वाटतं, पण दुसऱ्या मिनिटाला कोणाचा मेल होता तेही आठवत नाही. दुसरा प्रकार दीड पानाचा. त्यात दोन ओळी आभाराच्या आणि बाकी सगळी उट्टी.

तिसऱ्या प्रकारचा मेल वर्षाकाठी एखादाच येतो. छोटा असतो, आभार मनापासूनचे असतात आणि सूचना अशी असते की वाचता वाचता आपण पेन उचलतो. असाच एक मेल समोर ठेवून तो कसा लिहायचा ते सांगतो. मेल एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा आहे. तिचा पहिला खर्डाही तिनं नंतर मला दाखवला, म्हणून दोन्ही शेजारी ठेवता येतात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

झालं काय होतं

लोकसाहित्यावरचं दोन दिवसांचं चर्चासत्र. तिचा जात्यावरच्या ओव्यांवरचा निबंध पहिल्या दिवशी, शनिवारी, जेवणानंतरच्या सत्रात होता. दालन क्रमांक २, वेळ १५ मिनिटं. आयुष्यातला पहिलाच निबंध. ती मंचावर गेली, पहिली स्लाइड उघडली, आणि पडद्यावर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी `ejkBh` असं काहीतरी उमटलं. खालच्या ओव्यांचंही तेच.

ज्यांनी कृतिदेवमध्ये टायपिंग केलंय त्यांना हे लगेच कळेल. या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असतात. `e` च्या घरात म, `j` च्या घरात र. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथं वरचा देवनागरी मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. दालनातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता.

संगणकाजवळ आमचा बी.ए.चा एक विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून बसला होता. त्यानं पेनड्राइव्ह घेतला, पळत विभागात गेला, तिथल्या संगणकावर फॉन्ट होता, त्यावर पीडीएफ करून सहा मिनिटांत परत आला. तोवर सत्राध्यक्षांनी पुढच्या निबंधवाचकाला बोलावून घेतलं होतं. तिची पाळी परत आली तेव्हा कळलं की सत्र आधीच रखडलंय, त्यामुळे प्रत्येकाला ८ मिनिटंच आहेत. हे तिला कळलं मंचावर, माइक हातात घेतल्यावर. तिनं कशीबशी प्रस्तावना आणि अर्धा मुद्दा संपवला.

रात्री बसमध्ये तिनं हा खर्डा केला:

> आदरणीय सर, चर्चासत्राचे आयोजन अतिशय उत्तम व नेटके होते. निवास, भोजन सर्वच व्यवस्था छान होती. पण तांत्रिक बाजूकडे लक्ष द्यायला हवे होते. माझ्या स्लाइड दिसल्याच नाहीत. उद्घाटन फार लांबले व त्यामुळे वेळेचे नियोजन कोलमडले. बाहेरगावाहून येणाऱ्या संशोधकांचा विचार व्हायला हवा होता. पुढील उपक्रमांस शुभेच्छा.

नशिबानं बसमध्ये रेंज नव्हती. सुदैव तिचं, आणि माझंही.

पहिलं काम: त्याच रात्री टिपून ठेवा, पाठवू नका

चर्चासत्राच्या रात्री आपण दमलेलो असतो आणि दुखावलेलेही असू शकतो. तपशील मात्र त्याच रात्री ताजे असतात. म्हणून कार्यक्रमपत्रिकेच्या मागं चार गोष्टी लिहून ठेवायच्या: कोणतं दालन आणि कोणतं सत्र, नेमकं काय झालं, ते कोणी सावरलं, आणि तिथं ऐकलेलं काय आपल्या कामी येणार आहे. सावरणाऱ्याचं नाव तिथंच विचारून घेतलेलं उत्तम. राहून गेलं तर निदान दालन आणि वेळ तरी हवी, कारण त्यावरून समन्वयक स्वयंसेवकांच्या यादीत तो माणूस शोधू शकतो.

पाठवायचं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. त्याच रात्री पाठवलेला मेल प्रमाणपत्रांच्या चौकशीखाली गाडला जातो, आणि समन्वयक तेव्हा पाहुण्यांना स्टेशनवर सोडत असतो. पंधरवड्यानं पाठवला तर आम्ही परीक्षेच्या कामात बुडालेलो असतो. पहिल्या आठवड्यातच का, त्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक महाविद्यालयांत कार्यक्रमाचा अहवाल अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे द्यावा लागतो, तो पुढं नॅकच्या फायलीत जातो. त्यात ‘सहभागींचे अभिप्राय’ असा भाग असतो आणि आम्ही तो भरण्यासाठी काहीतरी ठोस शोधत असतो. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षी काय बदलायचं याचीही चर्चा होते. झाली तर तेव्हाच होते.

‘पण आम्ही गूगल फॉर्म भरलाय ना?’ जरूर भरा. फॉर्ममध्ये भोजन पाचपैकी किती, निवास पाचपैकी किती, एवढंच विचारलेलं असतं. मेल लिहायचा तो फॉर्मनं न विचारलेल्या गोष्टीसाठी.

कोणाला पाठवायचा

पत्रव्यवहार ज्यांच्याशी झाला त्या समन्वयकांना, आणि फक्त त्यांनाच. प्राचार्यांना प्रत पाठवायचा मोह होतो. आभाराचा मेल असेल तर त्यांनाही कळू दे, असा भाबडा हेतू असतो. पण त्याच मेलमध्ये एक जरी सूचना असली तरी प्राचार्यांच्या टेबलावर ती तक्रार होते, आणि समन्वयकाला खुलासा द्यावा लागतो. आभार वरपर्यंत पोहोचावेत असं वाटत असेल तर ते असे लिहा की समन्वयकालाच पुढं पाठवावेसे वाटतील.

आणखी एक धोका. निमंत्रणाच्या मेलला उत्तर देत असाल तर तिथं शंभरेक निबंधवाचकांचे पत्ते असू शकतात. ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबलं गेलं की तुमची सूचना जाहीर सभा होते. सरळ नवा मेल उघडा.

आभार कसे मानायचे

‘अतिशय नेटके आयोजन’ हे वाक्य कुठल्याही चर्चासत्राला चालतं, इथंच त्याचं बिनसतं. तुम्ही खरंच हजर होता की प्रमाणपत्रापुरते आला होता, हे त्यातून कळत नाही. आभारात एक माणूस हवा किंवा एक घटना हवी.

त्या मुलीकडे दोन्ही होतं. पेनड्राइव्ह घेऊन पळालेला मुलगा, आणि चर्चेच्या वेळी सत्राध्यक्षांनी विचारलेला प्रश्न: एकच ओवी दोन गावांत वेगळी म्हटली जाते, तेव्हा तुम्ही पाठ कुठला धरलात? तिला उत्तर देता आलं नव्हतं. खर्ड्यात यातलं काहीच नव्हतं, कारण ‘आभार म्हणजे व्यवस्थेचे’ अशी आपली समजूत असते. भोजन-निवासाचे आभार मानू नयेत असं नाही, पण ते केटरिंगवाल्यापर्यंत कधीच जात नाहीत. स्वयंसेवकाचे आभार मात्र आम्ही त्याला मेल उघडून दाखवतो.

आभाराच्या दोन गोष्टी पुरेत. चार झाल्या की वाचणारा मनात म्हणतो, आता ‘पण’ येणार.

सूचना निवडताना लावायची चाळणी

इथं जरा थांबावं लागेल, कारण चुका इथंच होतात.

घरी आल्यावर कागदावर आठ-दहा तक्रारी असतात. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून समन्वयक उद्या सकाळी नेमकं काय करेल? उत्तर सुचत नसेल तर ती ओळ खोडायची.

‘तांत्रिक बाजूकडे लक्ष द्यायला हवे होते’ हे वाचून मी काय करणार? प्रोजेक्टर बदलू? वायर बदलू? माणूस बदलू? या वाक्यात नुसता ठपका आहे, काम नाही. त्यामागची घटना मात्र कामाची आहे. फॉन्ट नसल्यानं अक्षरं फुटली, आणि पीडीएफ आणल्यावर प्रश्न सुटला. म्हणजे निमंत्रणाच्या पत्रात ‘स्लाइड पीडीएफमध्येही आणाव्यात’ अशी एक ओळ टाकली की झालं. खर्च शून्य, वेळ अर्धं मिनिट. अशी सूचना आली की मी मेल बंद करण्याआधीच पुढच्या पत्राचा मसुदा उघडतो.

दुसरी तक्रार जास्त अवघड होती. उद्घाटन लांबलं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून सगळं पाऊण तास पुढं. हे खरं होतं. पण हे समन्वयकाला सांगून उपयोग काय? त्या पाऊण तासात व्यासपीठाच्या मागं फोन कानाला लावून घामाघूम उभा असलेला माणूस मीच होतो. ज्याला त्रास सगळ्यांत जास्त झालाय त्यालाच तो वर्णन करून सांगायची गरज नसते. आणि पाहुण्यांची गाडी त्याच्या हातात नसते.

म्हणून तक्रारीचे दोन तुकडे करायचे: समन्वयकाच्या हातात नसलेला आणि असलेला. उद्घाटन लांबणं हातात नव्हतं. सत्रं आखडणार हे मात्र आम्हाला सकाळी साडेअकरालाच कळलं होतं. ८ मिनिटांचा निर्णय जेवणाआधी झाला होता. तो निबंधवाचकांना सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. भाताच्या रांगेत उभं असताना जरी कोणी सांगितलं असतं, तरी तिला निबंधाची कोणती पानं वगळायची ते ठरवता आलं असतं. हा तुकडा पूर्ण आमच्या हातातला होता. खरं सांगायचं तर तिचा मेल वाचेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आयोजकाला बाहेरून दिसणारी गोष्ट दाखवणं, ही सूचनेची खरी जागा.

या चाळणीतून सहसा एक किंवा दोन गोष्टी उरतात. तीन उरल्या तर एक खोडा. ‘बाहेरगावाहून येणाऱ्या संशोधकांचा विचार व्हायला हवा’ ही ओळ अर्थातच गळते.

काही गोष्टी चाळणीत घालायच्याच नसतात. प्रवासखर्च मिळाला नसेल, प्रमाणपत्रावर नाव चुकलं असेल, तर त्याचा वेगळा मेल करा. ते तुमचं काम आहे आणि त्याला उत्तर हवंय. आभाराच्या मेलमध्ये घुसवलंत तर आभार केवळ त्यासाठीच मानले असं दिसतं. आणि कोणी गैरवर्तन केलं असेल तर ती ‘सूचना’ नव्हे. महिलांच्या लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी करायची असते, आणि २०१३च्या कायद्यानं त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिलेली आहे. तिथं आभार, मवाळ भाषा, काहीही नको.

‘पण’ आणि ‘हवे होते’

मराठीत ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. ‘जेवण छान होतं, पण…’ म्हटल्यावर स्वयंपाक करणारी व्यक्ती पहिला अर्धा भाग ऐकतच नाही. तेव्हा आभार आणि सूचना यांच्या मध्ये ‘पण’, ‘मात्र’, ‘तथापि’ यांपैकी काहीही नको. आभार संपले की पूर्णविराम, नवा परिच्छेद, आणि साधं वाक्य: ‘पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.’

दुसरं, ‘व्हायला हवे होते’, ‘लक्ष द्यायला हवे होते’ ही रूपं. होऊन गेलेल्या गोष्टीवर कोणी काही करू शकत नाही, त्यामुळे वाचणारा खुलासा द्यायला लागतो. तेच वाक्य पुढच्या काळात फिरवा. ‘जेवणाच्या सुट्टीत वेळ सांगायला हवी होती’ आणि ‘जेवणाच्या सुट्टीतच वेळ सांगितली तर निबंध कुठे आवरायचा ते ठरवता येईल’. मुद्दा तोच, फक्त दुसऱ्यात मला बचाव करावा लागत नाही.

आणि आपला वाटा असेल तर तो कबूल करा. कृतिदेवमध्ये स्लाइड करून पीडीएफ न आणणं ही तिचीही चूक होती. तिनं ती आधी लिहिली. त्यानं सूचनेचं वजन वाढलं, कारण मग प्रश्न ‘तुमच्या महाविद्यालयाचं चुकलं’ हा राहत नाही, नवख्या लोकांना हे माहीत नसतं एवढाच राहतो.

आणि हा आलेला मेल

> विषय: लोकसाहित्य चर्चासत्र: आभार आणि दोन सूचना
>
> आदरणीय सर,
> सप्रेम नमस्कार.
>
> शनिवारी दुपारच्या सत्रात दालन क्र. २ मध्ये मी निबंध वाचला. माझ्या स्लाइडवरची अक्षरे नीट उमटेनात, तेव्हा संगणकाजवळ बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह विभागात नेऊन सहा मिनिटांत पीडीएफ करून आणली. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. त्याच्यापर्यंत माझे आभार पोहोचवावेत, ही विनंती. सत्राध्यक्षांनी पाठभेदांविषयी विचारलेल्या प्रश्नामुळे प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी आता ओव्यांचे गावनिहाय पाठ वेगळे मांडणार आहे.
>
> पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.
>
> १. स्लाइड कृतिदेवमध्ये होत्या आणि मी पीडीएफ आणली नव्हती, ही चूक माझीच. निमंत्रणपत्रात ‘स्लाइड पीडीएफमध्येही आणाव्यात’ अशी ओळ असली तर माझ्यासारख्या नवख्यांची अडचण टळेल.
>
> २. वेळ १५ ऐवजी ८ मिनिटे झाल्याचे मंचावर गेल्यावर कळले. असा बदल जेवणाच्या सुट्टीतच सांगितला गेला तर निबंध कुठे आवरायचा ते आधी ठरवता येईल.
>
> यातील मजकूर अहवालात वापरायचा असल्यास माझी हरकत नाही. या मेलला उत्तराची अपेक्षा नाही.
>
> आपली,
> (नाव, विभाग, विद्यापीठ)

मोबाइलवर दोनदा अंगठा फिरवला की संपतो. यापेक्षा लांब करू नका.

विषयाच्या ओळीत ‘सूचना’ हा शब्द ठेवावा का, यावर आमच्या विभागात मतभेद आहेत. एका सहकाऱ्यांच्या मते तो वाचूनच कपाळाला आठी पडते. मला तो हवा वाटतो. ‘मनःपूर्वक आभार’ एवढीच ओळ पाहून उघडलेल्या मेलमधून सूचना निघाली की फसल्यासारखं होतं. शिवाय सहा महिन्यांनी पुढच्या चर्चासत्राच्या वेळी मी मेलबॉक्समध्ये ‘सूचना’ असाच शोध घेतो.

अहवालाबद्दलची शेवटाकडची ओळ तिला कोणीतरी सुचवली असणार. परवानगी नसली तर आम्हाला परत मेल करून विचारावं लागतं, आणि मग बहुधा आम्ही ते वाक्य वापरतच नाही. ‘उत्तराची अपेक्षा नाही’ हेही चांगलं. दीडशे मेल पडलेले असताना त्या तीन शब्दांनी काय सुटका होते ते समन्वयकालाच ठाऊक.

पाठवताना आणि पाठवल्यावर

समन्वयकांचं नाव, आडनाव, ‘डॉ.’ की ‘प्रा.’, हे निमंत्रणपत्रिका समोर ठेवून तपासा. प्रमाणपत्रावर तुमचं आडनाव चुकल्यावर तुम्हाला जे वाटतं, तेच त्यांनाही वाटतं. मेल यूनिकोडमध्ये टाइप केलेला असावा, हे सांगायला नको. फॉन्टबद्दलची सूचना कृतिदेवमधून चिकटवलीत तर समोर पुन्हा `ejkBh` च दिसेल.

उत्तर आलं तर ते तीन प्रकारचं असेल. ‘धन्यवाद, नोंद घेतली’ आलं तर पुढं काही लिहू नका. खुलासा आला, ‘वेळेचं आम्ही सूत्रसंचालकांना सांगितलं होतं’ असा, तर ‘कळवल्याबद्दल आभारी आहे’ एवढंच लिहून थांबा. तो खुलासा खरा आहे की नाही हे ठरवत बसू नका. सूचना पोहोचली आहे. तिसरं, ‘पुढच्या वेळी तुम्हीच निबंधवाचकांचं पत्र तयार करायला मदत कराल का?’ असं आलं, तर वेळ असेल तरच हो म्हणा.

आणि काहीच आलं नाही तर आठवण करून देणारा मेल पाठवू नका. मी तिला उत्तर पाठवलंच नव्हतं. तो मेल त्या मुलाला दाखवला, पहिली सूचना पुढच्या पत्राच्या मसुद्यात चिकटवली, आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेलो.